मुखत्यारपत्र द्या, पण एका खात्यापुरतं

*मी ७९ वर्षांची आहे, मिरजेत एकटी राहते. यजमान रेल्वेत होते, त्यांच्यामागं मला फॅमिली पेन्शन मिळते. मागच्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून बँकेच्या पायऱ्या चढवत नाहीत. त्यात कंपवात. सही जुळत नाही म्हणून दोन चेक परत आले. धाकट्या दिरांचा मुलगा दोन गल्ल्या सोडून राहतो, तोच सगळं बघतो. माझं एटीएम कार्ड आणि पिन त्याच्याकडंच आहे. माझ्या वतीनं यानं सह्या कराव्यात असं पत्र मी बँकेला दिलं, तर साहेब म्हणाले, पत्र चालत नाही, मुखत्यारपत्र आणा. कोर्टाजवळच्या टायपिस्टानं कुलमुखत्यारपत्राचा चार पानी तयार मसुदा दिलाय, फक्त नावं भरायची आहेत. माझी मुलगी टोरँटोला असते. ती म्हणते, सही करू नकोस. पुतण्या चांगला आहे हो, पण कागद वाचून मलाही भीती वाटली. काय करू? बँकेला नेमकं काय लिहून देऊ?*
*— एक वाचक, मिरज*

ताई, तुम्ही कागद वाचलात आणि थांबलात, हे फार बरं केलंत. मी ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी शाखांमध्ये. कुलमुखत्यारपत्र न वाचता सही केलेली माणसं पुढं काउंटरवर कशी उभी राहतात, ते मी पाहिलं आहे. तो चार पानी मसुदा बाजूला ठेवा. त्यात जमीन विकणं, कर्ज काढणं, ठेवी तारण ठेवणं, कोर्टात दावे लावणं असं सगळं असतं. तुम्हाला तर औषधं, किराणा आणि कामवाल्या बाईंचा पगार वेळेवर जायला हवा आहे. तेवढ्यासाठी चार पानं लागत नाहीत.

पुतण्यावर माझा काही संशय नाही. पण मुखत्यारपत्रात जे लिहिलेलं असतं ते सगळं तुम्ही दिलेलं असतं, मग माणूस कितीही चांगला असो. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मुखत्यारपत्राचा अर्थ कोर्ट काटेकोर लावतं, जो अधिकार लिहिलेला नाही तो दिलेला नाही असंच धरलं जातं. म्हणून काय लिहायचं आणि काय मुद्दाम गाळायचं, यावर सगळं अवलंबून आहे.

एक प्रसंग सांगतो, कारण त्यात माझाही हात होता. मी एका शाखेत ठेवींच्या टेबलावर होतो. एका वयस्कर बाईंचे नातलग मुखत्यारपत्र घेऊन आले आणि सहा लाखांची मुदत ठेव मुदतीआधी मोडून मागितली. कागद नोटरी केलेला, शिक्के जागच्या जागी, आणि मजकुरात एकच ओळ: "बँकेचे सर्व प्रकारचे व्यवहार करणे." मी नियमावर बोट ठेवून ठेव मोडून दिली. बाईंना फोन करायला हवा होता, तो केला नाही. चार महिन्यांनी तिमाहीचं व्याज आलं नाही म्हणून त्या रिक्षानं शाखेत आल्या. पैसे त्या नातलगाच्या दुकानात गेले होते. बँकेची चूक काढायला जागा नव्हती, कारण सही त्यांचीच होती आणि अधिकार त्यांनीच दिला होता. त्या मला एवढंच म्हणाल्या, "मी तर लाइट बिलासाठी दिलं होतं." ती "सर्व प्रकारचे" ही अक्षरं मला आजही कुठल्या मसुद्यात दिसली की मी पेन उचलतो.

आता तुमच्या प्रकरणात एक गोष्ट आहे, जी टायपिस्टाला माहीत नसणार आणि कदाचित शाखेतल्या नव्या माणसालाही आठवणार नाही. तुमचं खातं पेन्शनचं आहे. सरकारी पेन्शन वाटणाऱ्या बँकांसाठी रिझर्व्ह बँकेनं जी प्रश्नोत्तरं प्रसिद्ध केली आहेत, त्यांत हा प्रश्न सरळ विचारलेला आहे: पेन्शनचं खातं मुखत्यारपत्रधारकाला चालवता येतं का? उत्तर आहे, नाही. मात्र त्याच उत्तरात पुढं म्हटलं आहे की, अशा खात्याला चेकबुक देता येतं आणि त्या खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे वळवण्याची स्थायी सूचना, म्हणजे आपण स्टँडिंग इन्स्ट्रक्शन म्हणतो ती, बँकेला स्वीकारता येते. म्हणजे तुम्ही मुखत्यारपत्र करून नेलं असतं, पाचशेचा स्टॅम्प आणि नोटरीची फी गेली असती, आणि पेन्शनच्या खात्यावर त्याची नोंद करायला कोणी तयार झालं नसतं. मग चिडून तुम्ही पुन्हा एटीएम कार्डावरच आला असता.

पण या "नाही"मध्येच तुमच्या भीतीवरचं उत्तर आहे.

त्याच शाखेत, तुमच्या एकटीच्या नावानं, दुसरं एक साधं बचत खातं उघडा. त्याला आपण घरखर्चाचं खातं म्हणू. पेन्शन पहिल्या खात्यात येत राहील. तिथून दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम घरखर्चाच्या खात्यात जावी, अशी स्थायी सूचना तुम्ही स्वतः द्या. आणि मुखत्यारपत्र फक्त या दुसऱ्या खात्यापुरतं करा. पेन्शन खातं, मुदत ठेवी आणि लॉकर असेल तर तो, यातलं काहीही त्या कागदात येऊ देऊ नका.

आकडे घालून पाहू. तुमचे आकडे मला ठाऊक नाहीत, म्हणून माझ्या अंदाजानं घेतो, तुम्ही तुमचे घाला. समजा पेन्शन २८,४०० रुपये आहे. मुक्कामी बाईंचे १२,०००, औषधांचे ४,५००, किराणा-दूध-भाजीचे ६,०००, वीज-गॅस-फोनचे १,८०० धरले, तर महिना २४,३०० होतात. मग दर महिन्याच्या ५ तारखेला २५,००० रुपये वळवण्याची सूचना द्यावी. दवाखान्याची वेळ अचानक येते, तेव्हा हातात काही हवं म्हणून सुरुवातीला एकदाच ७५,००० घरखर्चाच्या खात्यात टाकून ठेवा. म्हणजे कुठल्याही क्षणी पुतण्याच्या सहीखाली साधारण लाखभर रुपये असतील. तुमच्या ठेवी अकरा लाखांच्या असोत की एकवीस, त्यांना त्याची सही लागतच नाही.

यावर तुमची मुलगी विचारेल, मग कागदातच "महिना २५,००० पेक्षा जास्त काढू नये" असं लिहिलं तर एका खात्यात भागणार नाही का? पेन्शनचं खातं नसतं तर नियमानं भागलं असतं, पण मी तरीही दोन खातीच सुचवली असती. मुखत्यारपत्र शाखेत फाइलला लागतं, आणि संगणकावर बहुधा एवढंच दिसतं की अमुक व्यक्तीला सहीचा अधिकार आहे. महिन्यात आधी किती काढले याची बेरीज रोखपाल करत बसत नाही, गर्दीत त्याला ते शक्यही नसतं. कागदावरची मर्यादा त्याच्या नजरेस पडत नाही, खात्यातली शिल्लक पडते. म्हणून मर्यादा खात्यातच घालायची. कागदातही लिहा, ती पुढं हिशेब मागताना उपयोगी पडेल, पण तिच्या भरवशावर राहू नका.

नवं खातं उघडताना शाखेला सांगून ठेवा की, या खात्याला मुदत ठेव जोडू नका. काही बँकांत बचत खात्यातली शिल्लक कमी पडली की जोडलेली ठेव आपोआप मोडली जाते. तसं झालं तर आपण घातलेली भिंतच राहणार नाही.

शाखेतलं कोणीतरी तुम्हाला सोपा रस्ता म्हणून सुचवेल, "आजी, पुतण्याचं नाव खात्याला जॉइंट लावून टाका, आयदर ऑर सर्व्हायव्हर." नको. मुखत्यार हा तुमच्या वतीनं काम करणारा माणूस असतो, पैसे तुमचेच राहतात आणि त्याला हिशेब द्यावा लागतो. जॉइंट नाव लागलं की तो स्वतः खातेदार होतो. सगळी शिल्लक त्याला एकट्याच्या सहीनं काढता येते, आणि तुमच्या पश्चात बँक उरलेली रक्कम हयात खातेदार म्हणून त्याच्याच हातात देते. मग मुलगी आणि पुतण्या यांच्यात जे होईल, त्यात चूक दोघांचीही नसेल.

आता कागद कसा करायचा ते सांगतो. याला विशेष मुखत्यारपत्र म्हणायचं, "कुल" हा शब्द शीर्षकातही नको. आपल्या राज्यात ते ५०० रुपयांच्या मुद्रांकावर होतं. मुद्रांक तुमच्या नावानं घ्यायला सांगा. घेतल्यापासून सहा महिन्यांत तो वापरायला हवा, नंतर तो बाद होतो. बँकेच्या कामापुरत्या मुखत्यारपत्राची निबंधकाकडं नोंदणी करण्याची सक्ती नाही, नोटरीसमोर झालेलं पुरतं. तरी मसुदा पक्का करण्याआधी त्याची एक प्रत शाखेत दाखवून घ्या. बहुतेक बँका असे कागद त्यांच्या विधी विभागाला किंवा पॅनेलवरच्या वकिलांना दाखवतात, आणि तिथून एखादा शब्द बदलून मागितला तर मुद्रांक वाया जायला नको.

मसुद्याचा गाभा असा असावा:

"माझ्या एकटीच्या नावे ______ बँकेच्या ______ शाखेत असलेल्या बचत खाते क्रमांक ______ या एकाच खात्यापुरते मी माझे पुतणे श्री. ______ यांना मुखत्यार नेमत आहे. या खात्यातून माझ्या घरखर्चासाठी व औषधोपचारासाठी दरमहा एकूण रुपये २५,००० पर्यंत रोख काढणे अथवा चेकने देणे, रुग्णालयाचे बिल असल्यास शिल्लक असेल त्या मर्यादेत ते थेट रुग्णालयाच्या नावे चेकने अथवा वर्ग करून देणे, या खात्याचे पासबुक भरून घेणे, खातेउतारा व चेकबुक मागणे, एवढेच अधिकार त्यांना राहतील. माझे पेन्शन खाते, मुदत ठेवी, लॉकर अथवा अन्य कोणतीही मालमत्ता यांबाबत त्यांना कोणताही अधिकार नाही. या खात्यावर कर्ज वा उचल घेणे, खाते बंद करणे, नामनिर्देशन बदलणे, माझा मोबाइल क्रमांक वा पत्ता बदलणे, हे अधिकार त्यांना नाहीत. त्यांनी दर महिन्याच्या हिशेबाची प्रत मला व माझ्या मुलीस द्यावी."

मोबाइल क्रमांकाचं वाक्य तुम्हाला क्षुल्लक वाटेल, पण ते मी मुद्दाम घातलं आहे. व्यवहाराचा मेसेज ज्या फोनवर येतो, तो फोन तुमच्या उशाशी राहिला पाहिजे. खात्यात गडबड होते तेव्हा बऱ्याचदा सुरुवात क्रमांक बदलण्यापासून होते. मुलीचा ईमेल पत्ता खातेउताऱ्यासाठी नोंदवून घ्या, म्हणजे तिला टोरँटोत बसून दर महिन्याला उतारा बघता येईल. तिचं अर्धं ओझं तिथंच उतरेल.

नोटरीकडं तुम्ही समोर असायलाच हव्यात. जाता येत नसेल तर नोटरी घरी येतात, फी थोडी जास्त घेतात. "आजींची सही मी आणून देतो" असं कोणी म्हटलं तर ते मानू नका. प्रत्येक पानावर तुमची सही, पुतण्याची सही आणि फोटो, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का आणि त्यांच्या नोंदवहीचा क्रमांक आला आहे ना ते पाहा. नोंदवहीतही तुमची सही घेतली जाते. खाडाखोड असेल तिथं बाजूला सही करा, रिकामी जागा राहिली असेल तिथं रेघ मारा. हात थरथरत असेल तर सहीच्या हट्टाला पेटू नका, अंगठा लावा, कायद्याला तो चालतो. बँकेतही तुमची नमुना सही आता जुळत नाही, तेव्हा तिथली नोंद सहीऐवजी अंगठा अशी बदलून घ्या. नवं खातं आणि स्थायी सूचना, दोन्हीसाठी ते लागेलच.

ज्या दिवशी नोटरी कराल, त्याच दिवशीच्या तारखेचं तुमच्या डॉक्टरांचं दोन ओळींचं प्रमाणपत्र घेऊन ठेवा: रुग्ण पूर्ण भानावर आहेत, व्यवहार समजून घेऊ शकतात. कायद्यानं ते सक्तीचं नाही. पण कंपवात आहे म्हटल्यावर पुढं कोणी शंका काढली, तर हा चिठोरा फार कामाला येतो.

बँकेला द्यायचं पत्र तुम्ही विचारलं आहे. तुमचं आधीचं पत्र परत आलं, कारण त्यात पत्रानंच अधिकार दिला होता. अधिकार मुखत्यारपत्रानं द्यायचा आणि पत्रानं त्याची नोंद करून मागायची. असं लिहा:

"प्रति, शाखाधिकारी, ______ बँक, ______ शाखा.

विषय: बचत खाते क्र. ______ साठी दिलेल्या विशेष मुखत्यारपत्राची नोंद करणेबाबत.

महोदय, वरील खाते माझ्या एकटीच्या नावे आहे. वय व आजार यांमुळे मला शाखेत येता येत नाही. म्हणून मी माझे पुतणे श्री. ______ यांच्या नावे दि. ______ रोजी नोटरी श्री./श्रीमती ______ यांच्यासमोर विशेष मुखत्यारपत्र करून दिले आहे. त्याची मूळ प्रत पडताळणीसाठी व साक्षांकित प्रत दप्तरी ठेवण्यासाठी जोडली आहे. त्यांचे ओळखपत्र, पॅन, फोटो व नमुना सही सोबत आहे. कृपया हे मुखत्यारपत्र फक्त वरील खात्यास लागू असल्याची नोंद घ्यावी. माझे पेन्शन खाते क्र. ______ व मुदत ठेवी यांना ते लागू नाही. मी लेखी कळवून ते केव्हाही रद्द करू शकेन. नोंद झाल्याचा क्रमांक व दिनांक मला लेखी कळवावा. खात्री करून घेण्यासाठी आपले अधिकारी माझ्या घरी आल्यास माझी हरकत नाही.

आपली विश्वासू, (सही/अंगठा), दोन साक्षीदार."

दोन प्रती करा. एकीवर शाखेचा आवक शिक्का आणि तारीख घेऊन ती पोच घरी ठेवा. मूळ मुखत्यारपत्र बँकेनं पाहून परत द्यायचं असतं, ते परत घ्यायला विसरू नका. नोंद झाल्यावर पुतण्यानं चेकवर स्वतःचीच सही करायची, आणि खाली "श्रीमती ______ यांच्या करिता मुखत्यार" असं लिहायचं. तुमच्या नावाची सही त्यानं कधीही करायची नाही, ती खोटी सही ठरते. आणि हे काम त्याला बायकोवर किंवा मुलावर सोपवता येत नाही. तो गावाला गेला असेल तर ते काम थांबेल, इतकं ते त्याच्यापुरतंच आहे.

एवढं करण्याआधी स्वतःला एकदा विचारा, मला रोज कोणाच्या सहीची गरज आहे का? कारण ७० वर्षांवरच्या आणि आजारी ग्राहकांना रोख रक्कम घरी पोचवणं, चेक आणि कागद घरून नेणं, हयातीचा दाखला घरी येऊन घेणं या सोयी द्याव्यात, असं रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना सांगितलं आहे. शिवाय जो खातेदार सही करू शकत नाही आणि शाखेत येऊ शकत नाही, त्याच्यासाठी वेगळी पद्धतच ठरलेली आहे. पैसे काढण्याच्या स्लिपवर किंवा चेकवर त्याचा अंगठा घ्यायचा. बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी तो ओळखायचा, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. आणि पैसे कोण घेऊन जाणार हे खातेदारानं सांगायचं, त्या माणसाची सही घ्यायची. यात मुखत्यारपत्र लागत नाही. महिन्यातून एकदा रक्कम काढून भागत असेल तर हे पुरेसं आहे. पेन्शनच्या खात्यातून जास्तीचे पैसे काढायची वेळ आली, तरी रस्ता हाच. तुमच्याकडं औषधवाला, दवाखाना, बाई असे दर आठवड्याचे व्यवहार दिसतात, म्हणून मी मुखत्यारपत्राच्या बाजूनं आहे.

आता तुमच्या मुलीशी बोलायचा मुद्दा. टोरँटो कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात येतं, तिथं एक कागद करता येतो, जो माणसाचं भान गेल्यावरही चालू राहतो. त्यामुळं तिला कदाचित वाटत असेल की आईनं सही केली तर ती कायमची. आपल्याकडं तसं नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार अधिकार देणारी व्यक्ती वारली किंवा तिचं मानसिक भान गेलं, की मुखत्यारकी संपते. स्मृतिभ्रंश झाल्यावर वापरता यावं म्हणून आज करून ठेवू, असं मुखत्यारपत्र भारतात होत नाही. लोक करतात, बँकेला कोणी कळवत नाही म्हणून चालूनही जातं, पण वारसांपैकी एकानं तक्रार केली की सगळे अडकतात. तशी वेळ आली तर घरच्यांना कोर्टाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. कोमात गेलेल्या रुग्णांच्या बाबतीत उच्च न्यायालयांनी असे आदेश दिलेले आहेत, पण त्यात वेळही जातो आणि खर्चही होतो. म्हणून ठेवींची मांडणी आज, तुम्ही धडधाकट विचार करताय तोवर, स्वतः करून ठेवा. काही ठेवी लहान लहान रकमांच्या आणि मासिक व्याज पेन्शन खात्यात येईल अशा करून ठेवल्या, तर पुढं मोडायची वेळ कमी येईल.

दुसरी वेळ सांगायला जड जातं, पण तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळच सांगतो. तुमच्या पश्चात, त्या क्षणापासून, पुतण्याचा अधिकार संपतो. आपल्याकडं अशा दिवशी कोणीतरी घाईनं म्हणतं, "खर्चाला पैसे लागतील, बँक बंद व्हायच्या आत काढून आण." तो चांगल्या मनानं जाईल आणि पुढं त्याच्याच अंगावर येईल. बँकेला माहीत नसताना दिलेले पैसे बँकेनं चुकीचे दिले असं ठरत नाही, पण माहीत असून ज्यानं काढले त्याला वारसांसमोर जाब द्यावा लागतो. हे त्याला आजच, तुमच्या तोंडून सांगा. पुढचं काम नॉमिनीचं. तिन्ही ठिकाणी, म्हणजे पेन्शन खातं, घरखर्चाचं खातं आणि प्रत्येक ठेव, नॉमिनी म्हणून कोण लागलंय ते पासबुकात आणि पावतीवर बघून घ्या. बऱ्याच ठेवींवर अजून गेलेल्या यजमानांचंच नाव असतं. ते बदलण्याचा अर्ज तुमच्याच सहीनं किंवा अंगठ्यानं होतो, मुखत्याराच्या नाही.

मुखत्यारकी रद्द करायची झाली तर कारण द्यावं लागत नाही. रद्द केल्याचा लेख करा आणि बँकेला पत्र द्या. इथं पोच जिवापाड सांभाळा, कारण बँकेला कळेपर्यंत तिनं चांगल्या विश्वासानं केलेले व्यवहार वैध राहतात. मनातून, भांडणातून किंवा फोनवर रद्द केलेलं बँकेसाठी रद्द झालेलं नसतं. पत्राबरोबर उरलेले चेकही परत मागा, आणि पुतण्यालाही लेखी कळवा.

हिशेब मागायला संकोचू नका. मुखत्यारानं मागेल तेव्हा हिशेब द्यायचा, हे त्याच करार कायद्यात लिहिलेलं आहे. एक दोनशे पानी वही आणा. डाव्या पानावर त्यानं काढलेली रक्कम आणि तारीख, उजव्या पानावर खर्च, आणि औषधांची बिलं टाचणीनं त्याच पानाला. महिनाअखेरीस पासबुक भरून आलं की दोन्ही शेजारी ठेवून बघा. पुतण्या खरोखर चांगला असेल, आणि तुमच्या पत्रावरून तसाच दिसतो, तर ही वही त्याचंच संरक्षण आहे. उद्या टोरँटोहून प्रश्न आला, तर त्याला आठवणीवर बोलावं लागणार नाही.

राहिलं एटीएम कार्ड. पिन दुसऱ्याला दिलेला असला आणि पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाच्याच माथी येतं, कारण पिन देणं हा ग्राहकाचा निष्काळजीपणा धरतात. शिवाय यंत्रातून कोणी काढले याचा कागदावर काहीच पुरावा राहत नाही. पुतण्यानं नाही काढले हे त्यालाही दाखवता येणार नाही. आणि ते कार्ड पेन्शन खात्याचं आहे, म्हणजे आपण ज्या खात्याभोवती भिंत घातली, त्याची किल्ली बाहेरच राहिली. नव्या खात्यावर मुखत्यारपत्राची नोंद झाल्याचं लेखी उत्तर हातात आलं, की त्याच दिवशी कार्ड परत मागून घ्या आणि पिन बदला. यंत्रापर्यंत जाता येत नसेल, तर शाखेला फोन करून कार्ड बंद करायला सांगा. सह्या करून ठेवलेले कोरे चेक घरात कुठं असतील, तर तेही त्याच दिवशी फाडून टाका.